क्लोजअपला टिकणारा डोळा: ब्लेंडरमध्ये कॉर्निया, रिफ्रॅक्शन आणि पापणीची ओली कड

लांबच्या शॉटमधे डोळा कसाही केला तरी चालून जातो, एक गोल घ्या, त्यावर आयरिसचा फोटो चिकटवा, वरून चकाकी द्या, झालं. पण कॅमेरा जवळ आला की तोच डोळा काचेच्या गोटीसारखा दिसायला लागतो, आणि नवीन लोक मग टेक्श्चर बदलत बसतात, ४के चं ८के करतात. दोष तिथे नसतोच. दोष आकारात असतो आणि प्रकाश आत कसा शिरतो त्यात असतो. म्हणून या लेखात आयरिसचं चित्र कसं रंगवायचं ते फार सांगणार नाही, तीनच गोष्टी नीट करू: पुढे आलेला कॉर्निया, त्यातून वाकणारा प्रकाश, आणि खालच्या पापणीच्या कडेला साचलेलं पाणी.

सगळं ब्लेंडर ४ आणि सायकल्स धरून लिहितोय. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे नावं वेगळी असतील, मापं तीच राहतील.

एक शब्दाचा घोळ आधीच मिटवू. आपण बोलताना बुबुळ म्हणतो तेव्हा रंगीत भाग आणि त्यावरचा पारदर्शक घुमट दोन्ही एकातच येतात, इथे ते वेगळे ठेवायचेत. रंगीत चकती म्हणजे आयरिस, मधलं काळं भोक म्हणजे बाहुली, वरचा पारदर्शक घुमट म्हणजे कॉर्निया, पांढरा भाग स्क्लेरा आणि पांढरं जिथे संपतं ती कड म्हणजे लिंबस.

आधी खरा डोळा बघा

मी हा डोळा माझ्या आत्याचा केला. तिला गॅलरीत खिडकीकडे तोंड करून बसवलं, बाजूला उभा राहिलो आणि मोबाइलने अगदी आडव्या कोनातून फोटो काढले. तुम्हीही घरातल्या कुणालातरी असंच बसवा, कारण समोरून कॉर्निया दिसतच नाही, बाजूने दिसतो. आडवं बघितलं की घड्याळाच्या काचेसारखा स्वच्छ घुमट पुढे आलेला दिसतो, त्याच्या मागे थोडी पोकळी आणि मग आयरिस. आत्याच्या डोळ्यात अजून एक गोष्ट होती, कॉर्नियाच्या कडेने राखाडी पांढरट रिंग, उतारवयात बऱ्याच जणांना येते ती. आणि तिसरं, खिडकीचं प्रतिबिंब कॉर्नियावर एकदम कोरीव होतं, गज मोजता येत होते, पण तेच प्रतिबिंब पांढऱ्या भागावर सरकलं की फुटून तुकडे तुकडे होत होतं. हे तिसरं निरीक्षण पुढे शेडिंगला लागणार आहे, लक्षात ठेवा.

अजून एक, नेटवर मिळणारे बहुतेक रेफरन्स निळ्या डोळ्यांचे असतात. आपल्याकडचे डोळे तपकिरी, त्यात लिंबसची गडद रिंग वेगळी उठून दिसत नाही, ती आयरिसमधेच विरघळते, आणि सावळ्या माणसांच्या पांढऱ्या भागात लिंबसजवळ हलकी तपकिरी झाकही असते. निळ्या डोळ्याचा रेफरन्स घेऊन नुसता रंग बदलला तर डोळा लेन्स लावल्यासारखा दिसतो, तेव्हा फोटो स्वतःचाच काढा.

मापं आणि आकार

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. कॉर्निया आडवा ११.७ च्या आसपास, उभा थोडा कमी. कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या ७.८ मिलिमीटर. म्हणजे डोळा हा एक गोल नाहीये, मोठ्या गोलात बसवलेला एक छोटा गोल आहे, आणि छोट्याचं फक्त टोक बाहेर डोकावतं.

मोठ्या गोलाची त्रिज्या मी ११.५ धरतो, कारण मग हिशोब छान जुळतो. ब्लेंडरमधे १ युनिट म्हणजे १ सेंटिमीटर धरा, खऱ्या मिलिमीटरमधे काम करू नका, व्ह्यूपोर्ट इतक्या बारक्या वस्तूला जवळ गेलं की कापायला लागतो. म्हणजे मोठी त्रिज्या १.१५, छोटी ०.७८, कॉर्नियाची अर्धी रुंदी ०.५८५. आता छोटा गोल पुढे किती सरकवायचा ते या सूत्राने निघतं:

```
d = sqrt(1.15² − 0.585²) − sqrt(0.78² − 0.585²)
  = 0.990 − 0.516
  = 0.474
```

म्हणजे कॉर्नियाचं टोक केंद्रापासून ०.४७४ अधिक ०.७८, म्हणजे १.२५४ वर. मोठ्या गोलापेक्षा साधारण १ मिलिमीटर पुढे. पूर्ण लांबी १.१५ अधिक १.२५४, म्हणजे २४.०४ मिलिमीटर, खऱ्या डोळ्याएवढी. हा १ मिलिमीटर बघून नवीन लोकांना वाटतं एवढंसं काय आणि ते प्रपोर्शनल एडिटिंगने अंदाजे ओढतात, कधी ३ मिलिमीटर जातो, कधी टोकदार होतो. टोकदार कॉर्निया हा खराच एक आजार आहे, केरॅटोकोनस, आणि तुमचं कॅरेक्टर तसं दिसायला लागतं. म्हणून ओढायचं नाही, मोजायचं.

आता मेश. यूव्ही स्फिअर घ्या, सेगमेंट १९२, रिंग ९६, त्रिज्या १.१५. X भोवती ९० अंश फिरवा म्हणजे ध्रुव पुढे येईल, आणि रोटेशन अप्लाय करा. डोळा मायनस Y कडे बघतोय असं धरतोय. सबडिव्हिजन लावू नका, कारण ध्रुवावर त्रिकोण एकत्र येतात आणि सबडिव्हिजनने तिथे चिमटा बसतो, जो नेमका बाहुलीच्या समोर, सगळ्यात वाईट जागी, प्रतिबिंबात दिसतो. दाट मेश असेल तर सबडिव्हिजनची गरजच पडत नाही. मग ऑब्जेक्ट मोडमधे राहून हे चालवा:

```python
import bpy
from math import sqrt
R, r, d = 1.15, 0.78, 0.474
me = bpy.context.object.data
for v in me.vertices:
    n = v.co.normalized()
    c = -n.y
    t = d*c + sqrt(r*r - d*d*(1 - c*c))
    v.co = n * max(R, t)
me.update()
```

हे काय करतं तर केंद्रातून प्रत्येक बिंदूच्या दिशेला बघतं, दोन गोलांपैकी जो बाहेर असेल त्यावर बिंदू ठेवतं. पुढचा भाग आपोआप छोट्या गोलावर जातो, बाकीचा जागेवर राहतो. शेड स्मूद करा.

आता लिंबसला एक कडक घडी दिसेल, दोन गोल तिथे साधारण १८ अंशात भेटतात. खऱ्या डोळ्यात तिथे उथळ खोलगट वळण असतं, घडी नसते. घडीच्या दोन्ही बाजूच्या दोन दोन रिंग निवडा आणि व्हर्टेक्स स्मूद ५-६ वेळा द्या. जास्त देऊ नका, नाहीतर घुमट वितळतो. पुरेसं झालं का ते कळायला मॅटकॅपमधे एखादं चकचकीत मॅटकॅप लावून डोळा फिरवा, चकाकी लिंबसवरून जाताना हलकी वाकली पाहिजे, तुटता कामा नये.

आयरिस वेगळं ऑब्जेक्ट

कॉर्नियाच्या टोकापासून साधारण सव्वातीन मिलिमीटर मागे आयरिस ठेवायची, म्हणजे आपल्या मापात Y मायनस ०.९३. वर्तुळ घ्या, बाहेरची त्रिज्या ०.६७५, मधलं भोक ०.२, म्हणजे बाहुली ४ मिलिमीटर, घरातल्या उजेडात ठीक. रंगीत भाग ०.६ पर्यंतच, त्यापुढचा भाग गडद तपकिरी ठेवा, तो स्क्लेराच्या भिंतीला टेकण्यासाठी आहे. तिथे फट राहिली तर लिंबसच्या अर्धपारदर्शक पट्ट्यातून ती दिसते, काळी किंवा पांढरी बारीक रेघ, आणि लोक ती टेक्श्चरमधे शोधत बसतात.

बाहुली म्हणजे काळा रंग नाही, भोक आहे. आयरिसच्या मागे काळा वाटीसारखा मेश ठेवा आणि भोकाच्या कडेला थोडी जाडी देऊन आत वळवा. त्या कडेला गडद तपकिरी बारीक झालर असते, तपकिरी डोळ्यात ती दिसत नाही असं वाटतं पण क्लोजअपला बाहुलीची कड कात्रीने कापल्यासारखी न वाटण्याचं कारण तीच असते. बाहुलीपासून दीड दोन मिलिमीटरवर आयरिसमधे एक उंचवट्याची वळी असते, तिथे आतला आणि बाहेरचा पोत बदलतो. थोडं स्कल्प्ट करा किंवा डिस्प्लेसमेंट द्या, बाकी टेक्श्चर सांभाळून घेतं.

आता चकती सपाट ठेवायची का वाटीसारखी आत गेलेली? बऱ्याच ट्युटोरियलमधे आत गेलेली वाटी करायला सांगतात. खरी आयरिस जवळजवळ सपाट असते, उलट मधे किंचित पुढे आलेली, कारण मागची लेन्स तिला टेकू देते. मग वाटी कुठून आली? ती एक जुनी युक्ती आहे, प्रकाश डावीकडून आला की खऱ्या डोळ्यात आयरिसची उजवी बाजू उजळते, कारण कॉर्निया भिंगासारखा प्रकाश तिकडे गोळा करतो. हा हिशोब कॉम्प्युटरला जड जायचा तेव्हा लोक आयरिसच वाटीसारखी करायचे म्हणजे समोरची भिंत आपोआप उजळायची. दिसायला साधारण तेच, पण कॅमेरा बाजूला गेला की आयरिस खोल विहिरीत पडल्यासारखी दिसते. आपण सपाट ठेवू आणि प्रकाश खरा वाकवू.

रिफ्रॅक्शन, आणि यातली मुख्य चूक

पहिल्या वेळी मी कॉर्नियाला जाडी दिली होती. खऱ्या कॉर्नियाला साधारण अर्धा मिलिमीटर जाडी असते ना, मग सॉलिडिफाय मॉडिफायर लावला, ग्लास शेडर दिला, सगळं शास्त्राप्रमाणे, आणि आयरिस काही केल्या पुढे येईना. दोन दिवस आयओआर, म्हणजे अपवर्तनांक, कमी जास्त करत बसलो. कारण साधं होतं: आत शिरताना प्रकाश वाकतो आणि लगेच अर्ध्या मिलिमीटरवर मागच्या पृष्ठभागातून बाहेर पडताना तेवढाच परत सरळ होतो. खिडकीची काच जशी पलीकडचं दृश्य मोठं करत नाही तसंच. खऱ्या डोळ्यात कॉर्नियाच्या मागे हवा नाही, पाणी भरलेलं आहे, आणि त्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३६, कॉर्नियाचा १.३७६, म्हणजे मागच्या बाजूला प्रकाश फारसा वाकतच नाही. सगळं काम पुढच्या एका पृष्ठभागावर होतं.

म्हणून कॉर्निया एकच पातळ पृष्ठभाग, जाडी नाही, आयओआर १.३३६. डोळ्यांचे डॉक्टर कॉर्नियाची वक्रता मोजतात त्या मशीनमधेही असाच एक मधला आकडा, १.३३७५, धरलेला असतो, म्हणजे ही पळवाट नाही. प्रकाश आत शिरला की सायकल्स तो भाग भरीव समजतो, आणि आयरिस अपारदर्शक असल्यामुळे तो तिथेच थांबतो.

नॉर्मल्स बाहेरच्या दिशेला हवेत. ओव्हरलेमधून Face Orientation चालू करा, सगळा डोळा बाहेरून निळा दिसला पाहिजे. लाल असेल तर एडिट मोडमधे सगळं निवडून Shift+N. उलटे नॉर्मल्स राहिले तर सायकल्सला वाटतं प्रकाश पाण्यातून हवेत जातोय, मग आयरिस मोठी व्हायच्या ऐवजी लहान होते आणि कडेला आरशासारखी काळी चांदी दिसते.

स्क्लेरा आणि कॉर्निया एकाच मेशवर आहेत, तर कुठे पारदर्शक आणि कुठे पांढरं हे एका मास्कने ठरवायचं. Texture Coordinate नोडचा Object, त्यातून Separate XYZ, त्याचा Y घ्या आणि Map Range मधे Smoothstep निवडून हे टाका:

```
From Min: -0.965
From Max: -1.03
To Min:    0
To Max:    1
```

लिंबस मायनस ०.९९ वर आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा अर्धा मिलिमीटर, मिळून १ मिलिमीटरचा मऊ पट्टा होतो. हा मास्क Principled BSDF च्या Transmission Weight ला द्या. पारदर्शक भागाचा बेस कलर पांढरा पाहिजे, म्हणून त्याच मास्कने स्क्लेराचा रंग आणि पांढरा मिक्स करा. रफनेस कॉर्नियावर ० आणि स्क्लेरावर ०.४ च्या आसपास, तोही मास्कनेच. डोळा पुढे लहान करून डोक्यात बसवाल तेव्हा स्केल अप्लाय करू नका, हे आकडे ऑब्जेक्टच्या मूळ मापात आहेत, अप्लाय केलं की मास्क गायब.

आता तपासणी, आणि ही खरंच करा. समोरून एक रेंडर आयओआर १.० ठेवून काढा, एक १.३३६ ठेवून. दोन्हीत बाहुलीची रुंदी पिक्सेलमधे मोजा. आपल्या मापांचा हिशोब केला तर दुसऱ्यात बाहुली साधारण १२ टक्के मोठी यायला हवी, ४ मिलिमीटरची जवळजवळ साडेचार दिसते. तेवढी आली म्हणजे वक्रता, अंतर, नॉर्मल्स सगळं बरोबर. अजिबात मोठी झाली नाही तर कुठेतरी मागचा दुसरा पृष्ठभाग शिल्लक आहे. मग कॅमेरा बाजूला ७० अंशावर न्या, आयओआर १.० ला आयरिस लिंबसच्या मागे दडायला लागते, १.३३६ ला ती तुमच्याकडे वळून बघितल्यासारखी पुढे आलेली दिसते. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की पुढे कुणाचाही डोळा बघून सांगता येतं की यात रिफ्रॅक्शन आहे का नाही.

आयरिस काळी का पडते

इथपर्यंत आल्यावर बहुतेकांची आयरिस अंधारात जाते. लाइट लावलेत, स्क्लेरा उजळलाय, आणि आत काळोख. कारण सायकल्स आयरिसवरून लाइटकडे किरण पाठवून विचारतो की मधे काही आडवं आहे का, तर आहे, कॉर्निया. तो पारदर्शक असला तरी वाकवणारा आहे, म्हणून सरळ किरण अडतो आणि सावली पडते.

सोपा उपाय असा की सावलीच्या किरणापुरता कॉर्निया नाहीसाच करायचा. Light Path नोडचा Is Shadow Ray घ्या, Math नोडने आपल्या मास्कशी गुणा, आणि त्या उत्तराने Mix Shader मधे Principled आणि Transparent BSDF मिक्स करा. मास्कशी गुणायचं विसरलात तर स्क्लेराचीही सावली पडणार नाही आणि उजेड पांढऱ्या भागातून आरपार आत येईल. हा उपाय जलद आहे, नॉइज कमी आहे, पण प्रकाश सरळच येतो, वाकत नाही, म्हणून ती समोरच्या बाजूची उजळ चंद्रकोर मिळत नाही.

ती हवी असेल, आणि तपकिरी डोळ्याच्या क्लोजअपला ती हवीच असं माझं मत आहे कारण नाहीतर गडद आयरिसमधला पोत उठूनच दिसत नाही, तर ब्लेंडर ३.२ पासून आलेली शॅडो कॉस्टिक्स वापरा. डोळ्याच्या बाहेरच्या मेशला ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधे Shading खाली Cast Shadow Caustics, आयरिसला Receive Shadow Caustics, आणि लाइटच्या सेटिंगमधे Shadow Caustics, तिन्ही चालू पाहिजेत, एक राहिलं तरी काही होत नाही आणि एररही येत नाही. आणि वरची Is Shadow Ray ची जोडणी काढून टाका, दोन्ही एकत्र ठेवायच्या नाहीत. कॉर्नियावर बंप अजिबात नको, पृष्ठभाग गुळगुळीत आणि शेड स्मूद असला तरच हे नीट चालतं. लाइट बाजूला थोडा वर ठेवा, साधारण ५० अंशावर, आणि बघा, लाइटच्या विरुद्ध बाजूला आयरिसमधे मधासारखा उजेड साठतो. आत्याच्या फोटोत मला तो उजव्या खालच्या बाजूला दिसत होता, रेंडरमधे नेमका तिथेच आला तेव्हा मी लाइटला परत हात लावला नाही.

पांढरा भाग पांढरा नसतो

इथे पटकन पुढे जाऊ. बेस कलर मळकट क्रीम ठेवा, ०.७८, ०.७०, ०.६५ पासून सुरुवात करा, कोपऱ्यांकडे लालसर, लिंबसजवळ हलकी तपकिरी झाक. शुभ्र ठेवलात तर कितीही चांगलं लाइटिंग केलं तरी डोळे चेहऱ्यातून बाहेर आल्यासारखे वाटतात. सबसर्फेस द्या, Subsurface Scale आपल्या मापात ०.१, म्हणजे १ मिलिमीटर, आणि डोळा लहान केलात की हा आकडा त्याच प्रमाणात हाताने कमी करा, तो आपोआप होत नाही. रक्तवाहिन्या कोपऱ्यात जाड, लिंबसकडे येता येता विरत जाणाऱ्या.

उतारवयाची राखाडी रिंग करायची असेल तर ती आयरिसवर रंगवू नका. ती कॉर्नियात असते, आयरिसच्या वर, म्हणून दुसरा एक Map Range घेऊन लिंबसच्या किंचित आत पट्टा तयार करा आणि तिथे Transmission Weight ०.५ पर्यंत खाली आणून बेस कलर निळसर राखाडी करा. बाजूने बघितलं की ती रिंग आयरिसपासून सुटी, वर तरंगताना दिसते, तसंच दिसायला पाहिजे.

आता ते खिडकीच्या प्रतिबिंबाचं. पांढऱ्या भागावर पातळ ओली त्वचा असते, तिला बारीक वळ्या असतात, म्हणून तिथे प्रतिबिंब फुटतं. Coat Weight १, Coat Roughness ०.०३, Coat IOR १.३३६, आणि हा Coat Weight मास्कच्या उलट्याशी गुणा म्हणजे कॉर्नियावर दुहेरी चकाकी येणार नाही. मग एक मोठ्या आकाराचा मऊ नॉइज बंपमधून, तोही मास्कच्या उलट्याने. हा बंप नुसता Normal मधे जोडून भागत नाही, Coat Normal वेगळं इनपुट आहे, त्यातही जोडायला लागतो, नाहीतर वरचा ओला थर काचेसारखा गुळगुळीत राहतो आणि तुम्ही बंपची ताकद वाढवत बसता. खिडकी सरकवून बघा: कॉर्नियावर सरळ, लिंबसवर हलकी वाकलेली, पांढऱ्यावर फुटलेली.

ओली कड

पापणी आणि डोळा जिथे भेटतात तिथे अश्रूंची एक बारीक धार कायम साचलेली असते, पाव मिलिमीटरच्या आसपास उंच, म्हणजे आपल्या मापात ०.०२५. ती नसेल तर पापणी डोळ्यावर ठेवलेल्या वेगळ्या वस्तूसारखी दिसते, मधे काळी चिरटी फट.

आधी पापणीची कड बघा. नवीन लोक ती सुरीच्या पात्यासारखी पातळ करतात. खरी कड साधारण २ मिलिमीटर जाड, सपाट असते, केस तिच्या बाहेरच्या काठावर उगवतात आणि पाणी आतल्या काठावर साचतं. ही सपाट पट्टी नसेल तर पाण्याला बसायला जागाच नाही, मग पुढचं सगळं फुकट.

एडिट मोडमधे खालच्या पापणीच्या आतल्या काठाचा लूप Alt क्लिकने निवडा, Shift+D, मग P दाबून Selection, वेगळं ऑब्जेक्ट झालं. त्याला डोळ्याच्या दिशेने तीन वेळा एक्स्ट्रूड करा म्हणजे चार ओळी होतील. पहिली ओळ पापणीच्या मांसात किंचित रुतलेली, शेवटची ओळ डोळ्यावर. शेवटच्या ओळीचा व्हर्टेक्स ग्रुप करून श्रिंकरॅप मॉडिफायर लावा, टार्गेट डोळा, ऑफसेट थोडा मायनस म्हणजे तीही रुतेल. श्रिंकरॅप अप्लाय करू नका, डोळा फिरला की कॉर्नियाचा उंचवटा पापणीजवळ येतो आणि तेव्हा पाण्याने त्याच्याबरोबर सरकायला पाहिजे.

मधल्या दोन ओळी फटीच्या आत ढकला. हे महत्त्वाचं आहे, कारण पाणी दोन्ही बाजूंना चढतं आणि मधे खोलगट राहतं, ग्लासात पाणी काठाला थोडं वर चढलेलं दिसतं तसं. बाहेर फुगवलात तर ते पाणी न दिसता डिंकाची वळी दिसते, किंवा माणूस रडायच्या बेतात आहे असं वाटतं. रडण्याचा सीन असेल तेव्हाच फुगवा आणि उंची वाढवा.

मटेरियल साधं, Transmission Weight १, रफनेस ०, आयओआर १.३३६, नॉर्मल्स कॅमेऱ्याकडे. इथेही तेच तत्त्व, एकच पृष्ठभाग, मागे अपारदर्शक मांस आणि स्क्लेरा. सावलीसाठी इथे नोड नकोत, ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधे Visibility खाली Ray Visibility मधला Shadow बंद करा, म्हणजे पाण्याखाली काळी पट्टी येणार नाही.

रेंडर केलं की बहुधा एकसारखी पांढरी रेघ दिसेल, ट्यूबलाइटची नळी ठेवल्यासारखी. खरी धार तशी नसते. ती केसांच्या मुळांशी तुटते, कुठे जाड कुठे पातळ, आणि आतल्या कोपऱ्यात गुलाबी मांसाच्या गोळ्याजवळ रुंद होऊन छोटं तळं करते. स्कल्प्ट मोडमधे ग्रॅब ब्रशने हाताने उंची कमी जास्त करा, कोपऱ्यात दुप्पट करा. तो गुलाबी गोळा सुद्धा वेगळा, सबसर्फेस जास्त असलेला आणि ओला हवा. वरच्या पापणीला धार द्यायची असेल तर बारीक द्या, तिथे केसांच्या सावलीत फारशी दिसत नाही.

कॅमेऱ्याचं एक

डोळा डोक्यात बसवून ०.०१ ने लहान केलात की कॅमेऱ्याचं Clip Start आधी बघा, ते मूळ ०.१ मीटर असतं, म्हणजे १० सेंटिमीटरच्या आतलं काहीच दिसत नाही. ते ०.००१ करा. १०० मिलिमीटर लेन्स घ्या, डेप्थ ऑफ फील्ड लावा, आणि फोकससाठी एक एम्प्टी ठेवा. बरेच जण ती एम्प्टी बरोब्बर आयरिसच्या पातळीवर ठेवतात आणि तरी आयरिस किंचित धूसर येते. कॉर्नियामुळे आयरिस असते त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर पुढे दिसते आणि सायकल्सचा कॅमेरा ती दिसते तिथे फोकस मागतो. एम्प्टी अर्धा मिलिमीटर पुढे सरकवा, ०.०००५ मीटर, आणि डोळ्याला पेरेंट करा म्हणजे नजर फिरली तरी ती तिथेच राहील.